प्रकल्प नोंदी : हॉलची खिडकी, बागेचं दार आणि एक लेखी पुष्टी

१२ ऑगस्ट

साइटवर क्लायंट दोघेही आले होते. तळमजल्याच्या हॉलमध्ये बागेकडची भिंत सिलपर्यंत, म्हणजे ०.९ मीटरपर्यंत चढली आहे. नकाशाप्रमाणे तिथे १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकी आहे. मॅडम त्या अर्ध्या भिंतीवरून बागेकडे बघत म्हणाल्या, "अहो, इथे खिडकीऐवजी मोठं सरकतं दारच केलं तर? थेट बागेत उतरता येईल." सर लगेच म्हणाले, "करता येईल ना? भिंत अजून अर्धीच तर आहे."

या प्रश्नाला "करता येईल" एवढंच उत्तर द्यायचं मी टाळते. आपण बांधकामाच्या शक्यतेबद्दल बोलतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ठरलं. शेजारी उभ्या सुपरवायझरला तर तो हुकूमच वाटतो. मी म्हटलं, "शक्य आहे, पण खर्च आणि तारीख दोन्ही हलतील. आकडे काढून लेखी कळवते. तोवर काम आहे त्या नकाशाप्रमाणेच चालेल." शेवटचं वाक्य सुपरवायझरकडे बघून म्हटलं.

गाडीत बसल्यावर लगेच वहीत तीन गोष्टी लिहिल्या : कोण काय म्हणालं, त्यांच्याच शब्दांत, त्या क्षणी भिंत किती चढली होती, आणि बोलणं कोणत्या पातळीचं होतं. ही पातळी मी चार खुणांनी लिहिते : प्रश्न, इच्छा, निर्णय, सूचना. आजचं बोलणं इच्छा होती. सरांच्या वाक्यात निर्णयाचा सूर होता, पण निर्णयासाठी लागणारी माहिती त्यांच्याकडे नव्हती, म्हणून ते इच्छेतच धरलं.

भिंतीचा फोटो काढला. महिन्याभराने "तेव्हा तर भिंत नव्हतीच" असं कुणाला वाटू शकतं, आणि तोडकामाची रक्कम तर त्याच मुद्द्यावर ठरते.

१३ ऑगस्ट

कागदावर बदल मांडला. बोलताना कुणाच्या मनात न आलेल्या गोष्टी इथेच बाहेर येतात.

दोन कॉलममधलं मोकळं अंतर ४.२ मीटर आहे. क्लायंटना हवं तसं "मोठं" दार घ्यायचं तर ३.६ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच. काचेचं क्षेत्र २.१६ चौरस मीटरवरून ७.५६ होतं, साडेतीनपट. काच जमिनीपर्यंत आली म्हणजे ती टफन्ड हवी, आणि एवढं वजन पेलायला रूळ व रोलर वरच्या दर्जाचे हवेत. ३.६ मीटरवर साधा लिंटल, म्हणजे दारावरची भिंत पेलणारी तुळई, चालत नाही. तिथे खोल लिंटल जागेवरच ओतावा लागेल, आणि त्याचे टेकू दोन आठवडे काढता येणार नाहीत.

पायऱ्या तर बोलण्यात आल्याच नव्हत्या. आतली फरशी बागेपेक्षा ४५० मिलिमीटर वर आहे. दार उघडून "थेट बागेत" जायचं तर बाहेर दाराएवढा रुंद चौथरा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि १५० मिलिमीटरचे तीन टप्पे लागतील. खिडकी असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

खिडकीच्या कडेपासून अर्धा मीटर अंतरावर भिंतीत विजेचे दोन बॉक्स बसले आहेत. ३.६ मीटरच्या दारात ते दोन्ही जातील. दार २.४ मीटर ठेवलं तर उघडी जागा दोन्ही बाजूंना ०.३ मीटरच वाढते आणि बॉक्स वाचतात. हे दिसल्यावर मी दुसरा पर्यायही मांडायचं ठरवलं. एकच पर्याय पुढे ठेवला की क्लायंटचा निर्णय "हो की नाही" एवढाच उरतो, आणि उत्साहाच्या भरात उत्तर बहुतेक "हो" येतं.

१४ ऑगस्ट

स्ट्रक्चरल इंजिनीअरशी बोलणं झालं. २.४ मीटरच्या दारासाठी २.८ मीटर लांबीचा प्रीकास्ट लिंटल चालेल, दोन्ही टोकांना २०० मिलिमीटरचा टेका मिळतो. पुरवठादाराकडे तो तयार आहे. ३.६ मीटरसाठी मात्र नवा नकाशा, लोखंडाचा तपशील आणि जागेवरचं ओतकाम लागेल.

कंत्राटदाराकडून दर मागवले. करारात ज्या कामाचा दर आहे (वीटकाम, गिलावा, वायरिंग) तिथे तोच दर धरायचा, नवा मागायचा नाही. करारात नसलेल्या दारासारख्या कामाचं दरविश्लेषण माल, मजुरी आणि नफा वेगळे दाखवून द्यायला सांगितलं. ही दोन कामं एकाच ओळीत मिसळली की पुढे "दार एवढं महाग का" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

१६ ऑगस्ट

पुष्टीपत्र पाठवलं. पत्रात खऱ्या रकमा आहेत. या नोंदीत मूळ खिडकीची करारातली रक्कम १०० धरून बाकी सगळं त्याच प्रमाणात लिहिते. ती खिडकी एकूण कराराच्या ०.३ टक्के आहे.

पत्राचा मजकूर :

> विषय : हॉलच्या बागेकडील खिडकीऐवजी सरकतं दार. बदल क्र. ४. निर्णयासाठी.
>
> १२ ऑगस्टला साइटवर आपण म्हणालात : "इथे खिडकीऐवजी मोठं सरकतं दारच केलं तर? थेट बागेत उतरता येईल." आम्ही याचा अर्थ असा घेतला आहे की हॉलमधून बागेत जायला काचेचं दार हवं, आणि त्यासाठी बाहेर चौथरा व पायऱ्याही लागतील. आपल्या मनात वेगळं असेल तर आधी ते कळवावं.
>
> पर्याय अ, दार ३.६ × २.१ मीटर. दाराची रक्कम वजा खिडकीची रक्कम : ३२०. लिंटल : २८. सिलखालची भिंत तोडणं व मलबा हटवणं : १२. चौथरा व पायऱ्या : ४५ (अंदाज). विजेचे बॉक्स हलवणं : ८. नकाशे व इंजिनीअरची फी : १६. न करावं लागणारं वीटकाम व गिलावा : वजा १४. एकूण वाढ ४१५. घर पूर्ण होण्याची तारीख १० दिवस पुढे.
>
> पर्याय ब, दार २.४ × २.१ मीटर. दार वजा खिडकी : १६०. लिंटल : १०. तोडकाम : ८. चौथरा व पायऱ्या : ३४ (अंदाज, ४० च्या वर जाणार नाही). फी : १०. न करावं लागणारं काम : वजा ५. एकूण वाढ २१७. घर पूर्ण होण्याची तारीख बदलत नाही.
>
> पर्याय क, खिडकी आहे तशी. वाढ शून्य, दिवस शून्य.
>
> निर्णय २० ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत हवा. २१ तारखेला गवंडी सिलच्या वरचं काम सुरू करतील आणि त्यानंतर मूळ लिंटल बसेल. ते झाल्यावर पर्याय अ ४५७ आणि पर्याय ब २४० होईल, आणि दोन्हींत दिवस वाढतील. तोवर उत्तर न आल्यास काम पर्याय क प्रमाणे चालू राहील.
>
> उत्तरात कृपया पर्यायाचं अक्षर, "रक्कम व दिवस मान्य" हे शब्द आणि दोघांचीही नावं असावीत.

या पत्रामागचे काही निर्णय इथे लिहून ठेवते, कारण पुढच्या पत्रांनाही तीच रचना लावायची आहे.

क्लायंटचं वाक्य अवतरणात आणि त्याखाली आमचा अर्थ. दोन्ही वेगळे ठेवल्यामुळे गैरसमज असेल तर पहिल्याच परिच्छेदात दिसतो. आम्ही फक्त "सरकतं दार बसवणे" असं लिहिलं असतं तर पायऱ्या बिलात अचानक उगवल्या असत्या.

वजा रक्कम वेगळ्या ओळीत. कमी झालेल्या कामाचे पैसे परत मिळाल्याचं क्लायंटला दिसलं की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो. शिवाय ती ओळ लिहिताना कंत्राटदाराकडे ते पैसे मागावेच लागतात. नाहीतर वाढ मोजली जाते आणि घट विसरली जाते.

मुदतीच्या तारखेमागे साइटवरचं काम आहे. "आठ दिवसांत कळवा" हा आकडा कुठूनही येऊ शकतो. २० ऑगस्ट आली ती गवंड्याच्या वेळापत्रकातून. हेच दार २० तारखेपर्यंत एका आणि सप्टेंबरात वेगळ्या किमतीला पडतं. हे कळलं की निर्णय लांबवण्याचीही किंमत असते हे वेगळं समजवावं लागत नाही.

उत्तर न आल्यास काय होईल तेही लिहिलं. गप्प राहणं म्हणजे बदलाला होकार, असं मी कधीच लिहीत नाही. मौनाने फक्त मूळ नकाशा चालू राहतो.

दिवसांचा हिशोब. वेळापत्रकात हॉल पाऊस-वाऱ्यापासून बंद होण्याची तारीख १८ ऑक्टोबर आहे, त्यानंतर आतलं फिनिशिंग सुरू होतं. पर्याय अ मध्ये लिंटल ३० ऑगस्टला ओतला, तर टेकू १३ सप्टेंबरला निघतात. वरचं वीटकाम आणि गिलावा होऊन २० सप्टेंबरला माप घेता येतं. दार मापानंतर सहा आठवड्यांनी, म्हणजे १ नोव्हेंबरला येतं आणि ४ ला बसतं. म्हणजे हॉलला १७ दिवसांचा उशीर. पण हॉलच्या फिनिशिंगला वेळापत्रकात ७ दिवसांची सवलत आहे, तेवढे दिवस आधी बाकीच्या खोल्या करता येतात. म्हणून घराच्या तारखेवर १० दिवस. पर्याय ब मध्ये तयार लिंटल २७ ऑगस्टला चढतो, माप ६ सप्टेंबरला, दार १८ ऑक्टोबरला येतं आणि २१ ला बसतं. हॉलला ३ दिवसांचा उशीर, तो सवलतीत मावतो, घराच्या तारखेवर शून्य.

क्लायंटना शेवटचा आकडाच दिला, मधला हिशोब वेगळ्या पानावर जोडला. दोन्ही एकाच ओळीत दिले असते तर "१७ की १०" यावरच बोलणं अडकलं असतं.

१७ ऑगस्ट

कंत्राटदाराचा फोन. सरांनी त्याला परस्पर फोन करून सांगितलंय, "बागेकडची भिंत थांबवा, तिथे दार येणार आहे." गवंडी उद्यापासून रिकामे बसतील म्हणाला.

काम थांबवणं हासुद्धा बदलच आहे, आणि त्यालाही खर्च आहे. दोन तासांच्या आत कंत्राटदाराला लिहून पाठवलं : भिंत थांबवण्याची सूचना आमच्याकडून आलेली नाही. बागेकडच्या बाजूला वेळापत्रकाप्रमाणे २० पर्यंत तसंही काम नाही. गवंड्यांना वरच्या मजल्यावरच्या खोल्यांच्या भिंतींवर लावा. रिकाम्या वेळेचा दावा मान्य होणार नाही. प्रत क्लायंटना.

सरांशी फोनवर बोलले. त्यांचा हेतू चांगलाच होता, भिंत चढून पुन्हा तोडावी लागू नये म्हणून त्यांनी फोन केला होता. त्यांना एवढंच सांगितलं की कंत्राटदारापर्यंत सूचना एकाच दारातून गेली तरच रकमेचा हिशोब एकाच जागी राहतो. त्यांनी मान्य केलं. बोलणं संपल्यावर ते दोन ओळींत लिहून त्यांना पाठवलं.

प्रमाणित करारांत याची सोय कशी केली आहे ते मी अधूनमधून काढून वाचते. ब्रिटनच्या जेसीटी स्टँडर्ड बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टमध्ये आर्किटेक्टने तोंडी दिलेली सूचना लगेच लागू होत नाही. कंत्राटदाराने ती ७ दिवसांत लेखी कळवायची, आणि आर्किटेक्टने पुढच्या ७ दिवसांत हरकत घेतली नाही तर ती मुदत संपल्यावर लागू होते. तिथे लिहिण्याची पहिली जबाबदारी सूचना ऐकणाऱ्यावर टाकली आहे. आमच्या छोट्या करारात असं कलम नाही. तरी कंत्राटदाराला सांगितलं की कुणाकडूनही तोंडी काही आलं की त्याच दिवशी मला एक ओळ लिहून पाठव, तेवढं पुरे.

१८ ऑगस्ट

पत्राखाली व्हॉट्सअॅपवर सरांचा अंगठा आला. कोणत्या पर्यायाला? अंगठ्याचा अर्थ "वाचलं", "छान" किंवा "अ करा" यांपैकी काहीही असू शकतो. लगेच विचारलं : "धन्यवाद. हा अंगठा पत्र मिळाल्याचा धरते. पर्याय अ, ब किंवा क यांपैकी एक अक्षर २० पर्यंत कळवाल का?"

अंगठ्याला सही मानायला मी तयार नाही. भांडणाची शक्यता हे त्याचं खरं कारण नाही. निर्णय स्पष्ट नसेल तर पुरवठादाराला ऑर्डरच देता येत नाही.

१९ ऑगस्ट

दुपारी मॅडमचा फोन. त्यांना ३.६ मीटरचंच दार हवं आहे, सरांना रक्कम जास्त वाटते. मी कुणाचीही बाजू घेतली नाही. एवढंच विचारलं की मोठ्या दारातून नेमकं काय मिळावं अशी अपेक्षा आहे. त्या म्हणाल्या, सोफ्यावर बसलं की बाग दिसायला हवी. सोफ्याच्या जागेवरून आणि बसल्यावर डोळा जिथे येतो त्या उंचीवरून दोन्ही पर्यायांची साधी रेखाटनं करून संध्याकाळी पाठवली. २.४ मीटरमध्ये बागेचं झाड आणि मधला भाग दिसतो, कडेच्या कुंपणाचा भाग जातो.

रात्री उत्तर आलं : "पर्याय ब. रक्कम व दिवस मान्य." खाली दोघांची नावं.

२० ऑगस्ट

कंत्राटदाराला बदल सूचना क्र. ४ दिली : सुधारित नकाशा, रक्कम, दिवस शून्य, क्लायंटच्या उत्तराची प्रत. जुना नकाशा "रद्द" शिक्का मारून साइटच्या फाइलमधून परत मागवला. जुनं पान साइटवर राहिलं तर गवंडी हाताशी असलेल्या पानावरूनच काम करतो.

अमेरिकेतल्या एआयए या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या ए२०१ या करार-अटींमध्ये चेंज ऑर्डरवर मालक, कंत्राटदार आणि आर्किटेक्ट तिघांच्याही सह्या असतात, आणि तिघांचं एकमत तीन गोष्टींवर असतं : कामातला बदल, रकमेतला फरक, मुदतीतला फरक. आमच्या सूचनेच्या पानावरही हेच तीन चौकोन आहेत, आणि एकही रिकामा ठेवता येत नाही.

२ सप्टेंबर

मॅडमनी मेसेजमध्ये सहज विचारलं, जिन्याखालचा स्विच दाराच्या दुसऱ्या बाजूला घेता येईल का. तिथे अजून पाइप टाकलेले नाहीत. बदल क्र. ५ : रक्कम शून्य, दिवस शून्य, मान्य असल्यास कळवा. अर्ध्या तासात उत्तर.

शून्यही लिहून द्यायचा. रकमेबद्दल काही लिहिलंच नाही तर क्लायंटला ते फुकट वाटतं आणि कंत्राटदाराला "नंतर बिलात घालू" असं वाटतं. वर ए२०१ चा उल्लेख केला, त्यात किरकोळ बदलांची वेगळी तरतूद आहे. असा बदल आर्किटेक्ट स्वतः देऊ शकतो, पण त्यात रक्कम किंवा मुदत हलता कामा नये. पुढच्याच आठवड्यात पाइप पडल्यावर हाच स्विच किरकोळ राहिला नसता.

७ सप्टेंबर

दाराचं माप झालं, ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा. गिलावा ओला होता म्हणून पुरवठादाराच्या माणसाने माप घ्यायला नकार दिला, आणि तो बरोबरच होता. म्हणजे दार १९ ऑक्टोबरला येईल आणि २२ ला बसेल. हॉलला ४ दिवसांचा उशीर, सवलतीतले ३ दिवस शिल्लक. बदलांच्या नोंदवहीत "उरलेली सवलत" असा रकाना वाढवला.

२३ सप्टेंबर

या रकान्याचं काम आजच पडलं. सरांनी हॉलच्या छताला कडेने लपवलेल्या दिव्यांची पट्टी सुचवली. जिप्समचं ते काम हॉल बंद झाल्यावरच करता येतं, आणि त्याला फिनिशिंगमध्ये ६ दिवस जास्त लागतात. सवलतीत ३ उरलेत. म्हणून बदल क्र. ६ च्या पत्रात लिहिलं : घराच्या तारखेवर ३ दिवस.

सरांचा प्रश्न रास्त होता : "अख्खं दार केलं तेव्हा शून्य दिवस, आणि छताच्या पट्टीला तीन?" त्यांना नोंदवही उघडून दाखवली. हॉलच्या वाट्याला मोकळे दिवस ७ होते. दाराने ४ वापरले. दिव्यांची पट्टी आधी सुचली असती तर तिच्यापुढे शून्य आला असता आणि दारापुढे दिवस आले असते. मोकळे दिवस कुठल्या एका बदलाच्या मालकीचे नाहीत, जो आधी येतो तो ते वापरतो. म्हणूनच "दिवस शून्य" लिहिलेल्या प्रत्येक पुष्टीत आता पुढची ओळ घालते : "हा बदल हॉलच्या सवलतीतले अमुक दिवस वापरतो, त्यानंतर इतके उरतात." क्र. ४ च्या पत्रातही ती असती तर हा प्रश्न आज आला नसता, म्हणून साच्यात कायमची घातली.

त्यांनी पट्टी फक्त सोफ्याच्या बाजूच्या एका कडेला घ्यायची ठरवली : ३ दिवसांचं काम, सवलतीत मावणारं, घराच्या तारखेवर शून्य, उरलेली सवलत शून्य. सुधारित पत्र त्याच दिवशी गेलं, उत्तरही आलं.

२२ ऑक्टोबर

दार बसलं. चौथऱ्याखाली भराव मऊ निघाल्याने पायऱ्यांचा खर्च ३४ ऐवजी ३७ झाला. पत्रात तो "अंदाज, ४० च्या आत" म्हणून लिहिलेला होता, त्यामुळे कंत्राटदाराने मोजमाप जोडून बिल दिलं आणि क्लायंटनी तपासून मान्य केलं. बाकी ओळी निश्चित होत्या, त्या तशाच राहिल्या. बदल क्र. ४ ची अंतिम रक्कम २२०.

मॅडमनी जाता जाता विचारलं, बाहेरच्या चौथऱ्यावर एखादं छप्पर घेता येईल का. वहीत लिहिलं : प्रश्न. हॉलची सवलत शून्य, पण हे काम बाहेरचं असल्याने ते हॉलच्या साखळीत येत नाही. इंजिनीअरला विचारून शुक्रवारपर्यंत बदल क्र. ७ चं पत्र.